तातडीची गर्भनिरोधक गोळी आणि गर्भपाताची गोळी : एक नेहमीचा घोटाळा



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमानंतर हॉलमध्ये खुर्च्या आवरताना आपल्याच मंडळातल्या एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, तू फार्मसीत काम करतेस ना, मग एक विचारू का? ती बहात्तर तासांची गोळी घेतली की आत जे काही असेल ते पडून जातं, असंच ना?" मी "नाही" म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या, "मग ती गर्भपाताची गोळी नाही?" तेवढ्यात कोणीतरी चहाला हाक मारली आणि बोलणे अर्धे राहिले.

जॉन्सनव्हिलमध्ये आणि आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न मी वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा ऐकला आहे. या घोटाळ्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. एका मुलीने ही गोळी "पाप नको" म्हणून घेतलीच नाही. ही गोळी गर्भ पाडते असे तिला घरी सांगितले होते, आणि पुढच्या महिन्यात तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली. दुसऱ्या एका बाईंना दिवस गेले होते, तरी त्यांनी भारतातून आणून ठेवलेली हीच गोळी घेतली आणि "आता काम झालं" म्हणून तीन आठवडे स्वस्थ बसल्या. काम काहीच झाले नव्हते. दोघींचीही ओळख लागेल असे मी काही लिहीत नाही, पण दोघींची चूक एकच होती, म्हणून हा लेख.

गोळी कोणती, ते आधी पाहू

आपण ज्या गोळीबद्दल बोलत आहोत तिच्यातल्या औषधाचे नाव लेव्होनॉरजेस्ट्रेल. मात्रा १.५ मिलिग्रॅम, एकच गोळी. इथे न्यूझीलंडमध्ये ती पोस्टिनॉर-१ या नावाने ओळखीची आहे. भारतात आय-पिल, अनवाँटेड-७२ अशा नावांनी मिळते. भारतात ही गोळी २००५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली, आणि २००७ मध्ये आय-पिल बाजारात आल्यावर तिच्या जाहिराती टीव्हीवर घरोघरी दिसू लागल्या. आपल्यापैकी अनेकांना या गोळीची पहिली माहिती त्या जाहिरातींतूनच झाली. जाहिरातीत "बहात्तर तास" लक्षात राहिले, पण त्या बहात्तर तासांत शरीरात काय होते, ते कोणी सांगितले नाही.

न्यूझीलंडमध्ये २००२ पासून प्रशिक्षण घेतलेला फार्मासिस्ट ही गोळी चिठ्ठीशिवाय देऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यावी लागत नाही.

गर्भपाताची औषधे वेगळी आहेत. ती एका गोळीची नसून दोन औषधांची मिळून असतात. पहिले मिफेप्रिस्टोन आणि एक-दोन दिवसांनी दुसरे, मिसोप्रोस्टॉल. भारतात त्यांचे एकत्र पाकीट मिळते, त्यात मिफेप्रिस्टोनची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या असतात. त्याला औषधवाले "एमटीपी किट" म्हणतात. कायद्याने ती डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण बाहेर आल्यावर महाराष्ट्रात या किटच्या विक्रीवर अन्न व औषध प्रशासनाची फार कडक नजर राहिली. त्या काळात "ती गोळी", "तसली गोळी" असे मोघम शब्द लोकांच्या तोंडी पक्के बसले, आणि दोन पूर्णपणे वेगळी औषधे एकाच नावाखाली आली.

गर्भ राहतो कसा, आणि कधी

गोळी कशी चालते हे समजायचे तर आधी एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. संबंध आला म्हणजे त्याच रात्री गर्भ राहिला, असे होत नाही. मध्ये बरेच दिवस जातात.

दर महिन्याला अंडाशयात एका छोट्याशा पाण्याच्या फोडासारख्या पिशवीत एक स्त्रीबीज तयार होत असते. या पिशवीला फॉलिकल म्हणतात. ती वाढत वाढत वीस मिलिमीटरच्या आसपास पोहोचते. ती वाढत असताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवते. इस्ट्रोजेन पुरेसे वाढून काही काळ तसेच राहिले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच नावाचे संप्रेरक एकदम मोठ्या प्रमाणात रक्तात सोडते. याला एलएचची लाट म्हणू. ही लाट सुरू झाल्यावर साधारण ३६ तासांनी पिशवी फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडून बीजनलिकेत येते.

बाहेर आलेले स्त्रीबीज फार तर एक दिवस टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून दिवस जाण्याची शक्यता असलेले दिवस महिन्यात सहाच, म्हणजे बीज सुटण्याआधीचे पाच आणि बीज सुटण्याचा तो एक. बहुतेक वेळा शुक्राणूच आधी येऊन थांबलेले असतात आणि बीज नंतर येते. स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांसारखे म्हणा ना. तातडीच्या गोळीचे सगळे काम या वाट पाहण्याच्या काळात होते.

बीज आणि शुक्राणू यांचा संयोग झाला तरी लगेच गर्भ रुजत नाही. फलित बीज बीजनलिकेतून हळूहळू खाली सरकते, वाटेत त्याच्या पेशी वाढतात, आणि साधारण सहा ते बारा दिवसांनी, बहुतेकदा आठव्या ते दहाव्या दिवशी, ते गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. रुजल्यावर ते एचसीजी नावाचे संप्रेरक सोडू लागते. घरच्या टेस्टच्या पट्टीवर दिसते ते हेच. वैद्यकशास्त्रात गर्भधारणा झाली असे म्हणतात ते रुजल्यानंतर.

गोळी नेमके काय करते

लेव्होनॉरजेस्ट्रेलचा परिणाम एलएचच्या त्या लाटेवर होतो. लाट सुरू होण्याआधी गोळी पोटात गेली तर लाट येतच नाही, किंवा कमी जोराची आणि उशिरा येते. मग पिशवी त्या वेळी फुटत नाही. बीज काही दिवस उशिरा सुटते किंवा त्या महिन्यात सुटतच नाही. तोवर आत थांबलेले शुक्राणू संपलेले असतात. गाडी आली तेव्हा फलाटावर कोणी नव्हते, इतकेच.

लाट एकदा सुरू झाली की मात्र गोळी ती परत फिरवू शकत नाही. पिशवी १८ मिलिमीटरच्या पुढे गेलेली असेल आणि एलएच चढू लागलेले असेल, तर गोळी घेतली काय आणि नाही घेतली काय, बीज ठरल्या वेळी सुटते. ही या गोळीची खरी मर्यादा आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही. गोळी लवकर घ्या असे आम्ही सारखे म्हणतो, ते याच कारणाने. ७२ तासांच्या आत कधीही घेतली तरी सारखीच, असे नसते. प्रत्येक तासागणिक लाट सुरू होण्याची शक्यता वाढत जाते. संबंधानंतर बारा तासांत घेतलेली गोळी आणि सत्तर तासांनी घेतलेली गोळी यांत फरक पडतो तो याने.

चिलीमधल्या सँटियागो शहरात गाब्रिएला नोए, होरासिओ क्रॉक्साटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा थेट अभ्यास केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी घ्यायला आलेल्या बायकांची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून त्यांनी प्रत्येकीच्या महिन्यातला तो नेमका कोणता दिवस होता हे ठरवले. बीज सुटण्याआधीच्या पाच दिवसांत गोळी घेतलेल्या १०३ जणी होत्या. गोळी घेतली नसती तर त्यांच्यात सुमारे १६ जणींना दिवस गेले असते, असा हिशेब होता. प्रत्यक्षात एकीलाही गेले नाहीत. बीज सुटल्याच्या दिवशी किंवा त्यानंतर गोळी घेतलेल्या ४५ जणी होत्या. त्यांच्यात साधारण ९ जणींना दिवस जातील असा अंदाज होता, आणि ८ जणींना गेले.

या दोन गटांकडे जरा शांतपणे पाहा. गोळी जर फलित बीजाला रुजू देत नसती, किंवा रुजलेला गर्भ पाडत असती, तर दुसऱ्या गटातही तिचा उपयोग दिसला असता. तिथे ८ ऐवजी एक-दोन किंवा शून्य आकडा आला असता. तसे झाले नाही. बीज सुटून गेल्यावर गोळीचा परिणाम जवळजवळ शून्य होता. म्हणजे या गोळीचे जे काही काम आहे ते बीज सुटण्याआधीचे आहे.

पूर्वी गोळीच्या पाकिटातल्या माहितीपत्रकावर "ही गोळी फलित बीजाला रुजण्यास अडथळा करू शकते" अशा अर्थाचे वाक्य असे. ही शंका त्या काळी अनेक तज्ज्ञांनाही होती, त्यामुळे ज्यांनी तेव्हा ते वाचले त्यांचा काही दोष नाही. पण पुरावा वेगळा निघाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये प्लॅन बी या गोळीच्या माहितीपत्रकातून ते वाक्य काढायला मंजुरी दिली. फलनापासूनच जीव मानावा अशी ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनाही हे माहीत असलेले बरे.

मग रुजलेल्या गर्भाला काहीच कसे होत नाही?

इथे एक मजेशीर गोष्ट आहे, आणि एकदा कळली की पुन्हा घोटाळा होत नाही.

गर्भ टिकून राहतो तो प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर. बीज सुटल्यावर रिकामी झालेली पिशवीच ते बनवू लागते. रुजलेला गर्भ एचसीजी पाठवून तिला सांगतो, "बंद करू नकोस, मी आलोय." प्रोजेस्टेरॉन असेपर्यंत गर्भाशयाचे अस्तर टिकते आणि पाळी येत नाही. ते गेले की अस्तर सुटते.

प्रोजेस्टेरॉनला किल्ली समजा आणि गर्भाशयाच्या पेशींत त्याच्यासाठी कुलपे आहेत असे धरा. किल्ली फिरली की पेशींना निरोप जातो, अस्तर सांभाळा.

लेव्होनॉरजेस्ट्रेल ही त्याच किल्लीची नक्कल आहे. ते प्रोजेस्टेरॉनच्या जातीचेच कृत्रिम औषध आहे. कुलपात जाऊन ते फिरते आणि प्रोजेस्टेरॉनसारखाच निरोप देते. ज्या निरोपावर गर्भ टिकतो, तोच निरोप देणारे औषध गर्भ पाडणार कसे?

मिफेप्रिस्टोन ही कुलपात अडकणारी पण न फिरणारी किल्ली आहे. ती आत जाऊन बसते, त्यामुळे खऱ्या किल्लीला जागाच राहत नाही. निरोप थांबतो, अस्तर सुटू लागते, आणि मग मिसोप्रोस्टॉल गर्भाशयाला कळा आणून ते रिकामे करते. एक औषध प्रोजेस्टेरॉनच्या बाजूचे आणि दुसरे त्याच्या विरुद्ध बाजूचे, असा हा फरक आहे.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ललितकुमार आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रयोगशाळेत गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी वाढवून त्यावर हे पाहिले. मिफेप्रिस्टोन घातलेल्या अस्तरावर एकही भ्रूण चिकटला नाही. लेव्होनॉरजेस्ट्रेल घातलेल्या अस्तरावर मात्र भ्रूण चिकटले, औषध न घातलेल्या अस्तरावर चिकटावे तसेच.

शिवाय काळाचाही हिशेब आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेलची रक्तातली मात्रा साधारण दिवसाभरात निम्मी होते. फलित बीज रुजायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर त्या एका गोळीचे शरीरात नाव घेण्याजोगे काही उरलेले नसते.

म्हणून दिवस गेलेले असताना ही गोळी चुकून घेतली गेली तर गर्भ पडत नाही, आणि त्यामुळे बाळाला व्यंग येते असेही आढळलेले नाही. चुकून घेतली म्हणून घाबरून पुढचा कोणताही निर्णय घेऊ नये.

एक उदाहरण, तीन शक्यता

समजा एका बाईंची पाळी नियमित २८ दिवसांनी येते. पाळीच्या दहाव्या दिवशी, शनिवारी रात्री, कंडोम फाटला. रविवारी सकाळी दहा वाजता त्यांनी फार्मसीत जाऊन गोळी घेतली. पुढे काय होईल?

पहिली शक्यता. या महिन्यात बीज नेहमीप्रमाणे चौदाव्या दिवशी, बुधवारी सुटायचे होते. एलएचची लाट सोमवारी रात्री ते मंगळवारी पहाटे सुरू झाली असती. गोळी तिच्या दीड दिवस आधी पोटात गेली. लाट थोपली गेली. शनिवारचे शुक्राणू गुरुवारपर्यंत संपले. पिशवी पुढच्या सोमवारी, एकोणिसाव्या दिवशी फुटली, तेव्हा तिथे कोणी नव्हते. या बाईंची पाळी नेहमीपेक्षा पाच दिवस उशिरा आली. गोळीने काम केले. पण एक धोका राहिला. मधल्या शुक्रवारी किंवा शनिवारी पुन्हा कंडोमशिवाय संबंध आला असता, तर लांबलेले बीज नेमके तेव्हाच सुटले असते. "गोळी घेतली आहे, आता महिनाभर काळजी नाही" या समजुतीने कितीतरी जणींची फसगत होते. गोळी झालेल्या संबंधापुरती असते, पुढच्या संबंधांसाठी नसते. त्यामुळे पुढची पाळी येईपर्यंत दर वेळी कंडोम हवाच.

दुसरी शक्यता. कामाचा ताण, प्रवास, आजारपण, कशानेही त्या महिन्यात सगळे लवकर झाले. लाट शुक्रवारी रात्रीच सुरू झाली होती आणि बीज रविवारी दुपारी सुटले. बाईंनी गोळी वेळेवर घेतली, काहीच चुकवले नाही, तरी उपयोग झाला नाही. बीज फलित झाले आणि आठ-दहा दिवसांनी रुजले. गोळीने त्यांना दिवस घालवले नाहीत आणि गर्भालाही हात लावला नाही. ही शक्यता असते म्हणूनच टेस्ट करायची. संबंधानंतर तीन आठवड्यांनी घरच्या पट्टीची टेस्ट खात्रीची असते. त्याआधी ती निगेटिव्ह आली तरी विश्वास ठेवू नये. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त लांबली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी आली तरी टेस्ट करावी. गोळीनंतर थोडा रक्तस्राव झाला म्हणजे "पडून गेलं" असा अर्थ काढू नये. गोळीने मधेच डाग दिसू शकतात. त्याचा गर्भ असण्या-नसण्याशी संबंध नाही.

तिसरी शक्यता. शनिवारच्या रात्रीचा प्रश्नच नव्हता. मागच्या महिन्यातच दिवस गेले होते, आणि मधे दोन दिवस आलेला थोडा रक्तस्राव त्यांना पाळी वाटला होता. गोळी घेतली, काहीच झाले नाही, होणारही नव्हते. सुरुवातीला सांगितलेल्या बाईंचे असेच झाले. त्यांचे तीन आठवडे वाया गेले, आणि अशा वेळी आठवडे मोलाचे असतात. लवकर कळले तर पुढचे सगळे पर्याय सोपे असतात.

गोळी कमी पडते ती केव्हा

वजन हे इथले एक महत्त्वाचे कारण आहे. वजन ७० किलोपेक्षा जास्त असेल तर एक गोळी कमी पडू शकते. इथे अशा वेळी दुप्पट मात्रा, म्हणजे दोन गोळ्या एकदम, देतात किंवा तांब्याची तांबी बसवण्याचा सल्ला देतात. फार्मासिस्ट वजन विचारतो तो खोचकपणे नव्हे. खरे सांगा.

काही औषधांमुळे यकृत ही गोळी फार लवकर संपवते. क्षयाचे रिफॅम्पिसिन, फिट्सची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, आणि मन हलके करण्यासाठी लोक आपापली घेतात ते सेंट जॉन्स वर्ट हे वनौषधीचे उत्पादन, ही त्यांतली ठळक. यांपैकी काही चालू असेल किंवा महिन्याभरात बंद केले असेल तर न विसरता सांगा.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी गोळी लागू शकते. लगेच फार्मसीत परत फोन करा.

तांब्याची तांबी, म्हणजे कॉपर टी, हा तातडीचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर शंभरातल्या ९९ पेक्षा जास्त जणींना दिवस जात नाहीत, आणि तिला वजनाची अडचण येत नाही. तांबे मुख्यतः शुक्राणूंना निकामी करते. ती पुढे काही वर्षे गर्भनिरोधक म्हणूनही राहते. त्यासाठी मात्र डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्सकडे जावे लागते, आणि पाच दिवसांत अपॉइंटमेंट मिळवायची तर पहिल्याच दिवशी फोन करायला हवा.

फार्मसीत गेल्यावर काय होते

आपल्या बायका संकोचाने जात नाहीत म्हणून हे सांगते. काउंटरवर मोठ्याने काही सांगायची गरज नाही. "मला फार्मासिस्टशी खासगीत बोलायचं आहे" एवढे पुरते. बाजूच्या छोट्या खोलीत नेतात. शेवटची पाळी कधी आली, संबंध केव्हा आला, चालू औषधे कोणती, वजन किती, एवढेच विचारतात. लग्न झाले आहे का, नवऱ्याला माहीत आहे का, हे विचारत नाहीत. सोळा वर्षांखालच्या मुलीलाही आईवडिलांच्या संमतीची अट नाही. तुम्ही काय घेतले हे तुमच्या घरी कोणालाही कळवले जात नाही. फार्मसीत तुमच्या ओळखीचे कोणी काम करत असेल, अगदी मी असले, तरी आम्ही ते कोणाशी बोलू शकत नाही. संकोच वाटला तर दुसऱ्या उपनगरातल्या फार्मसीत जा, पण वेळ घालवू नका. किंमत दुकानागणिक बदलते, आधी फोन करून विचारता येते.

पूर्वीचे फॅमिली प्लॅनिंग, म्हणजे आताचे सेक्शुअल वेलबीइंग आओतेआरोआ, यांच्या दवाखान्यातही गोळी आणि तांबी दोन्ही मिळतात. मध्यरात्री प्रश्न पडला तर हेल्थलाइनला ०८०० ६११ ११६ वर फोन करता येतो. तो मोफत असतो.

भारतातून आणलेल्या पाकिटांबद्दल

सुट्टीहून येताना बॅगेत औषधांचा डबा असतोच. तो एकदा उघडून पाहा. एका गोळीच्या पाकिटावर लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम लिहिले असेल तर ती तातडीची गर्भनिरोधक गोळी. मुदतीची तारीख पाहून ठेवली तर हरकत नाही. पाच गोळ्यांचे पाकीट असेल आणि त्यावर मिफेप्रिस्टोन, मिसोप्रोस्टॉल लिहिले असेल तर ते गर्भपाताचे किट आहे. ते "बहात्तर तासांची गोळी" म्हणून कोणाला देऊ नका आणि स्वतःच्या मनाने घेऊ नका. गर्भ गर्भाशयाबाहेर, बीजनलिकेत रुजलेला असेल तर त्या किटने तो जात नाही, आणि नलिका फुटली तर जिवावर बेतते. पोटात एका बाजूला जोराचे दुखणे, चक्कर, खांद्याच्या टोकाला कळ, अशी लक्षणे दिवस गेलेल्या कोणत्याही बाईला दिसली तर थेट १११ ला फोन करावा.

टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि गर्भ ठेवायचा नसेल तर इथे त्यासाठी लपवाछपवीची गरज नाही. २०२० च्या कायद्याने गर्भपात हा न्यूझीलंडमध्ये आरोग्यसेवेचा भाग झाला आहे. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, स्वतः फोन करता येतो. डिसाइड ही देशभरची फोनवरची सेवा त्यासाठीच आहे आणि पात्र रहिवाशांना उपचार मोफत असतो. व्हिसा कोणता आहे यावर पात्रता ठरते, म्हणून विद्यार्थी आणि पाहुण्या म्हणून आलेल्यांनी आधी विचारून घ्यावे.

दोन शेवटच्या शंका

वारंवार घेतली तर वांझपण येते का? नाही. औषध काही दिवसांत शरीराबाहेर जाते आणि पुढच्या महिन्यापासून दिवस जाऊ शकतात. पण दर आठवड्याला हीच गोळी घेत राहणे शहाणपणाचे नाही. पाळीचे वेळापत्रक विस्कटते, आणि रोजची गोळी, तांबी किंवा हातात बसवायचे इम्प्लांट यांच्याइतकी ती खात्रीची नाही.

गोळीने एचआयव्ही किंवा इतर लैंगिक आजारांपासून संरक्षण मिळते का? अजिबात नाही. ती शंका असेल तर त्याची तपासणी वेगळी करावी लागते.

त्या दिवाळीच्या ताईंना मी नंतर फोन करून हे सगळे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सुनेला मी चुकीचं सांगितलं होतं गं." मग म्हणाल्या, "आजच सांगते तिला." तुमच्याही घरी असे कोणाला सांगायचे राहिले असेल तर सांगून टाका.